अकराचे बारा

चवथ संपली की कुंडईच्या त्या छोट्या कारखान्यात तापाची साथ यायची. दरवर्षी. दीड दिवसाचा गणपती असलेले लोक तिसऱ्या दिवशी मशीनवर दिसायचे, पण पाच दिवसांचा असला की घरातल्या कर्त्या माणसाला हमखास थंडी वाजायची. यंदा पात्रांवांनी, म्हणजे मालकांनी, श्रावणातच नोटीस लावली होती: चतुर्थीला जोडून आजारपण आल्यास डॉक्टरचं सर्टिफिकेट लागेल, आणि ते ऑफिसने तपासून घ्यावं. ऑफिस म्हणजे दिगू.

दिगूचा स्वभाव असा की बसमध्ये कंडक्टरकडे सुट्टे मागतानाही तो मनात आधी वाक्य जुळवून घ्यायचा. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या त्या कारखान्यात हजेरीपट, पगारपत्रक आणि रजेची फाईल एवढंच त्याचं राज्य. त्या फाईलमध्ये शुक्रवारी सकाळी पाच सर्टिफिकेटं आली. चार बघून झाली. पाचवं विश्रामबाबांचं होतं.

विश्रामबाब कटिंग मशीनवरचे सगळ्यात जुने. सावईवेऱ्याहून स्कूटरने येताना माशेलला ते दिगूला उचलायचे, संध्याकाळी परत सोडायचे. पेट्रोलचे पैसे कधी घेतले नाहीत. दिगूने एकदा देऊ केले तर म्हणाले, "मागं कोणी बसलं की स्कूटर रस्त्याला धरून चालते." शिवाय त्या दिवशी सकाळीच त्यांनी डबा उघडून सगळ्यांना नेवऱ्या वाटल्या होत्या. दिगूने दोन खाल्ल्या. दुसरी खाताना सर्टिफिकेट टेबलावर येऊन पडलं होतं.

ताप, अंगदुखी, विश्रांतीची गरज. दहा तारखेपासून बारा तारखेपर्यंत. दिगूने कागद खिडकीपाशी नेला. आकडे इंग्रजी होते, निळ्या शाईत. अकराच्या दुसऱ्या एकाला वर वळण आणि खाली शेपूट जोडून त्याचा दोन केला होता. वळणाची निळाई जरा काळपट होती आणि शेपटीपाशी कागद बोटाला खरखरीत लागत होता. खाली डॉक्टरचा शिक्का होता, पण नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. २००२ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे डॉक्टरने प्रत्येक सर्टिफिकेटवर तो घालायचा असतो, हे दिगूला पाठ होतं. अशा गोष्टी त्याला पाठ असायच्या, बोलता मात्र यायच्या नाहीत.

त्याने शिक्क्यावरच्या नंबरला फोन लावला. दोनदा रिंग वाजली आणि त्याने घाईघाईने कापला. काय विचारणार होता? तुमच्या पेशंटला खरंच ताप होता का? मिनिटभरात तिकडूनच फोन आला. "दवाखाना. कोण बोलतंय?" दिगू म्हणाला, "चुकून लागला," आणि चक्क माफी मागून फोन ठेवला.

खरं काय ते सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. विश्रामबाबांच्या मोठ्या घराचा गणपती पाच भावकींत फिरतो आणि यंदा पाळी त्यांची होती. माटोळीला आंबाडे, निरफणस, तोरिंगं बांधण्यापासून पाचव्या दिवशी तळीवर नेईपर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर. अशी पाळी पाच वर्षांनी एकदा येते. ती टाकून खोके कापायला कोण येईल? दिगूही आला नसता. पण पात्रांवांनी फाईल दुपारी चारला मागितली होती आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात त्याची सही हवी होती.

जेवणानंतर त्याने विश्रामबाबांना आत बोलावलं. पंखा उगाचच वाढवला, मग कागद उडायला लागले म्हणून कमी केला.

"कितें जालें रे?" विश्रामबाबांचा आवाज अजून बसलेला होता. आरत्यांनी की तापाने, देव जाणे. उजव्या हाताची बोटं टोकाला सुजून लाल झाली होती. तापात बोटं सुजत नाहीत, आरतीला घुमट वाजवून सुजतात.

"विश्रामबाब, हे... हे सर्टिफिकेट मला घेता येत नाही."

"का?"

"यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. आणि तारखेत खाडाखोड आहे. बाजूला डॉक्टरची सही नाही."

"म्हणजे मी खोटा."

"तसं मी म्हटलं नाही. कागद चालत नाही एवढंच. डॉक्टरांकडून नवीन आणलंत, नंबर घालून, तर..." तर काय, हे दोघांनाही माहीत होतं. दुसऱ्यांदा लिहून घ्यायला गेलं की डॉक्टर अकराचे अकराच लिहिणार.

विश्रामबाब खुर्चीत बसले. एरवी ते या खोलीत कधी बसायचे नाहीत, कपड्यांवर पुठ्ठ्याची धूळ असते म्हणून.

"सकाळी नेवरी खाताना नव्हतं दिसलं तुला?"

दिगूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्याने उत्तर दिलं नाही, रजेचं रजिस्टर उघडलं. "तुमची नऊ दिवसांची भरपगारी रजा शिल्लक आहे. अर्ज पंधरा दिवस आधी द्यायला हवा होता, पण पात्रांवांनी मान्य केलं तर त्यातून तीन..."

"ती मुलीच्या लग्नाला ठेवलीय. तिला हात लावायचा नाही."

"मग बिनपगारी."

"किती जातील?"

दिगूने कॅल्क्युलेटर ओढला, आकडा पाठ असूनही. चोवीस हजार सातशे भागिले सव्वीस. "दिवसाला साडेनऊशे. तीन दिवसांचे २,८५०." एकवीस हजारांच्या आत पगार असता तर ईएसआयचा दवाखाना, तिथलं सर्टिफिकेट, सगळं सरळ झालं असतं, हेही त्याच्या ओठांवर आलं. या घडीला ते ऐकून कोणालाच बरं वाटलं नसतं, म्हणून त्याने ते गिळलं.

"लिही अर्ज," विश्रामबाब म्हणाले. "माझं अक्षर तुला परत खाडाखोड वाटायचं."

दिगूने कागद घेतला. "कारण काय लिहू?"

बराच वेळ नुसता पंखा फिरत राहिला. "लिही, गणपतीची पाळी."

त्यांनी सुजल्या बोटांनी सही केली आणि जुनं सर्टिफिकेट चार घड्या करून खिशात घातलं. दारातून वळून म्हणाले, "मी आज लवकर सुटतोय. बाणस्तारीला बस मिळते तुला." त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं, तरी दिगूने मान हलवली.

चार वाजता पात्रांवांनी अर्ज दोनदा वाचला.

"पाळी होती तर आधी सांगायचं ना मला."

"सांगितली असती तर रजा दिली असती?" हे शब्द आपल्याच तोंडून आले यावर दिगूचा विश्वास बसेना.

पात्रांवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नसती दिली," ते म्हणाले आणि बिनपगारीवर सही केली. मग बाकीची चार सर्टिफिकेटं पत्त्यांसारखी पसरून त्यांनी विचारलं, "आणि हे सगळे खरंच आजारी होते?"

"नंबर आहेत त्यांवर."

"मी ते नाही विचारलं."

"नंबर आहेत, साहेब," दिगू म्हणाला.