घंटा ऐकू आली नाही तो दिवस

वाई
12 जानेवारी 2025

चि. सुहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन चार महिने झाले तरी पहाटे पाचला जाग येते, मोबाइल हातात घेतला जातो आणि मग दिवसभर कुणीतरी आपली वाट पाहत असल्यासारखे वाटत राहते, असे तू लिहिले आहेस. हे वाचून मला 2009 सालचा जून आठवला.

आमचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे, हे तुला ठाऊकच आहे. अठ्ठावन्न पूर्ण झाली, निरोपाचा नारळ हातात पडला, आणि शाळा उघडली त्या दिवशी लोखंडी पट्टीवर टोल पडताच मी ओट्यापाशी उभी असूनही पदर सावरून दाराकडे निघाले होते. पुढे कितीतरी महिने माझा दिवस त्या टोलांवरच चालत राहिला. वर्तमानपत्रातले ऱ्हस्व-दीर्घ मी लाल पेनाने दुरुस्त करत असे. एकदा तर पुतणीच्या लग्नपत्रिकेवरही खुणा केल्या, आणि तिने ते अजून विसरलेले नाही.

मग मी नामस्मरणाला लागले, पण त्याचेही वेळापत्रक आखले. किती माळा झाल्या ते वहीत मांडायचे आणि एखादा दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी भरून काढायचे, म्हणजे हजेरीपटच तो! यात जपाचा दोष नव्हता. काम सुटले तरी स्वतःकडून रोज हिशेब मागण्याची सवय सुटलेली नव्हती, आणि बहुधा तुझेही दुखणे हेच आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी मी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. शेंग दाबली की दाणे ताटात टपटप पडत, मधूनच एखादी किडकी निघे, ती बाजूला टाकायची, इतकेच चालले होते. शेजारची मुलगी दप्तर पाठीला लावून जेवायला घरी येताना दिसली तेव्हा लक्षात आले की मधली सुट्टी झाली, म्हणजे सकाळपासूनचे सगळे टोल पडून गेले होते आणि मला एकही ऐकू आला नव्हता. माळांची वही मी त्यानंतर उघडली नाही. माळ मात्र अजून ओढते, मोजत नाही.

ध्यानाच्या कोणत्या वर्गाला नाव घालू, असे तू विचारले आहेस. माझे ऐकशील तर सध्या कुठेच घालू नकोस, कारण तिथेही तू पहिला नंबर काढायला बसशील. दहावीलाही पुरवणी मागितल्याशिवाय तुला चैन पडत नसे.

पुढच्या महिन्यात कृष्णाबाईचा उत्सव आहे. सूनबाईंना घेऊन दोन दिवस राहायला ये. घाटावर सकाळी पायऱ्या गार असतात, तेव्हा स्वेटर आण, आणि परतीचे तिकीट आधी काढू नकोस.

तुझ्या,
देशपांडे बाई