गणेशोत्सव मंडपासाठी तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज

दि. १ सप्टेंबर २०२६

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
महावितरण, कोल्हापूर

विषय : मंगळवार पेठेतील मंडपासाठी १२ ते २१ सप्टेंबर तात्पुरती थ्री फेज जोडणी मिळणेबाबत.

महोदय,

आमच्या मंडळाचा सात दिवसांचा गणेशोत्सव १४ ते २० सप्टेंबर या काळात आहे. १३ तारखेला रविवार येतो आणि हलत्या देखाव्याची चाचणी आधी घ्यावी लागते, म्हणून मीटर शनिवारी, १२ तारखेलाच बसवून मिळावा.

मागणी ९ किलोवॅटची आहे. साउंड ३ किलोवॅट. देखाव्याच्या एक एचपीच्या दोन मोटारी, दिवे व पंखे मिळून ३. मंडप आणि गल्लीतील ट्यूब, फ्लड व माळा मिळून ३. हे तीन गट तीन फेजवर वाटले आहेत, त्यामुळे प्रत्येक फेजवर सुमारे १३ अँपिअर येतील. सगळा भार एकाच फेजवर घेतला तर आरतीच्या वेळी आमच्यासोबत शेजारच्या घरांचाही व्होल्टेज पडेल.

खांबापासून मंडप ३५ मीटरवर आहे. चार कोर १० चौ. मिमी आर्मर्ड ॲल्युमिनियम केबल मधे जोड न देता आणू. न्यूट्रल ढिला झाला की एखाद्या फेजवर दाब चारशे व्होल्टकडे चढतो आणि दिवे, ॲम्प्लिफायर जळतात. म्हणून न्यूट्रलला लग क्रिंप करून घेतला आहे. मीटरनंतर फोर पोल एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असेल. तिचे टेस्ट बटण रोज संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वी दाबून पाहू. पावसाचे दिवस असल्याने बोर्ड जमिनीपासून दीड मीटर उंच, पत्र्याच्या छपराखाली राहील. मंडपाचे लोखंडी खांब स्वतंत्र अर्थिंगला जोडले आहेत.

जनरेटर फक्त फोर पोल चेंजओव्हर स्विचमधूनच जोडला जाईल. लाईन बंद असताना त्याची वीज उलटी तारांवर गेली तर खांबावरच्या लाईनमनचा जीव जाऊ शकतो. मिरवणुकीसाठी या जोडणीतून वीज घेणार नाही.

एक विनंती आवर्जून करतो. मंडपाच्या उत्तर बाजूने उघडी लघुदाब तार जाते. मंडप तिच्यापासून दोन मीटर लांब ठेवला आहे. तरीही कापड चढवण्यापूर्वी आपल्या कर्मचाऱ्यांनी अंतर पाहून जावे. कमी वाटले तर सांगाडा लगेच सरकवू.

सार्वजनिक उत्सवासाठीचा सवलतीचा दर लावून अनामतीसह कोटेशन द्यावे, रक्कम त्याच दिवशी भरू. सुरुवातीचे व २१ तारखेचे रीडिंग दोघांच्या समक्ष, फोटोसह घ्यावे, म्हणजे अनामतीच्या परताव्याला वाद राहणार नाही. परतावा मंडळाच्या बँक खात्यात जमा व्हावा.

सोबत : महापालिका व पोलीस परवाने, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल, अध्यक्षांचे ओळखपत्र, मंडळाच्या पासबुकाची प्रत, जागेचा नकाशा.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सचिव
सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ,
मंगळवार पेठ, कोल्हापूर