मिथाइल ॲसिटेटच्या आम्ल-उत्प्रेरित जलअपघटनाची सक्रियण ऊर्जा: प्रयोग अहवाल

उद्देश

०.५ N हायड्रोक्लोरिक आम्लात मिथाइल ॲसिटेटच्या जलअपघटनाचा वेग स्थिरांक २५ ते ४५ °C दरम्यान पाच तापमानांना मोजणे, त्यावरून आर्‍हेनिअस आलेख काढून सक्रियण ऊर्जा Ea ठरवणे, आणि त्या किमतीवर किती विश्वास ठेवता येतो हे अनिश्चिततेसह सांगणे.

तत्त्व

मिथाइल ॲसिटेट आणि पाणी यांपासून ॲसेटिक आम्ल आणि मिथेनॉल तयार होते. पाणी भरपूर असते आणि H⁺ हा उत्प्रेरक खर्च होत नाही, म्हणून अभिक्रिया एस्टरच्या संहतीनुसार प्रथम कोटीची दिसते. ॲसेटिक आम्ल जसजसे वाढते, तसतसे ठरावीक आकारमानाच्या नमुन्याला सोडियम हायड्रॉक्साइड जास्त लागते. त्याचे आकारमान सुरुवातीला V0, t वेळी Vt आणि अभिक्रिया संपल्यावर V∞ धरल्यास वेग स्थिरांक k असा:

```
k = (1/t) ln[(V∞ − V0)/(V∞ − Vt)]
```

तापमानासोबत k कसा बदलतो हे स्वांते आर्‍हेनिअसने १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणातून मिळते:

```
ln k = ln A − Ea/(R T)
```

म्हणजे ln k विरुद्ध 1/T ही सरळ रेषा आणि तिचा उतार −Ea/R. T केल्विनमध्येच हवे. k चे एकक मिनिट⁻¹ असो वा सेकंद⁻¹, उतार तोच राहतो. एकक बदलल्याने फक्त आंतरछेद सरकतो.

कृती

१०० मिली ०.५ N HCl असलेला बुचबंद फ्लास्क आणि वेगळ्या नळीतील एस्टर, दोन्ही थर्मोस्टॅटमध्ये २० मिनिटे ठेवले. मग ५ मिली एस्टर आम्लात सोडून फ्लास्क हलवला आणि स्टॉपवॉच सुरू केले. ठरलेल्या वेळी २ मिली मिश्रण पिपेटने काढून बर्फाच्या पाण्यात सोडले, म्हणजे अभिक्रिया जवळजवळ थांबते. फिनॉल्फ्थॅलिन दर्शक वापरून ०.१ N NaOH ने लगेच अनुमापन केले. पिपेट अर्धे रिकामे झाल्याच्या क्षणाची वेळ नोंदली. V∞ साठी तोच फ्लास्क घट्ट बूच लावून दोन दिवस ठेवला. प्रत्येक तापमानाला दोन स्वतंत्र फेऱ्या घेतल्या.

थर्मोस्टॅटच्या पडद्यावरचा आकडा तापमान म्हणून घेतलेला नाही. ०.१ अंशाच्या खुणा असलेला थर्मामीटर फ्लास्कशेजारी, फ्लास्कमधल्या द्रवाच्याच खोलीला बुडवून वाचला. याचे कारण चर्चेत येईल.

निरीक्षणे

३५ °C ची पहिली फेरी पूर्ण देत आहोत. V0 = ९.५५ मिली, V∞ = २०.९० मिली.

| t (मिनिटे) | Vt (मिली) | V∞ − Vt (मिली) | ln[(V∞−V0)/(V∞−Vt)] | k × १०³ (मिनिट⁻¹) |
|---|---|---|---|---|
| १० | १०.४० | १०.५० | ०.०७८ | ७.७८ |
| २० | ११.१५ | ९.७५ | ०.१५२ | ७.६० |
| ३० | ११.८५ | ९.०५ | ०.२२६ | ७.५५ |
| ४५ | १२.८५ | ८.०५ | ०.३४४ | ७.६३ |
| ६० | १३.७० | ७.२० | ०.४५५ | ७.५९ |
| ७५ | १४.५० | ६.४० | ०.५७३ | ७.६४ |

शेवटच्या रकान्यात चढता किंवा उतरता कल नाही, त्यामुळे प्रथम कोटी मान्य करण्यास हरकत नाही. पहिली किंमत थोडी वेगळी दिसते. ब्युरेटचे रीडिंग ०.०५ मिलीने चुकले तर १० मिनिटांच्या k मध्ये सुमारे ६ टक्के फरक पडतो, ७५ मिनिटांच्या k मध्ये मात्र जेमतेम दीड टक्का. म्हणून सहा किमतींची सरासरी घेतलेली नाही. पाचवा रकाना तपासणीपुरता आहे; k घेतला तो चौथ्या रकान्याच्या वेळेविरुद्ध आलेखाच्या उतारावरून (t = ० धरून): ७.६२ × १०⁻³ मिनिट⁻¹. दुसऱ्या फेरीत ७.५७ आला, सरासरी ७.६०.

V∞ ही पूर्ण जलअपघटनाची नव्हे, समतोलाची किंमत आहे. एस्टरचा थोडा भाग शेवटी शिल्लक राहतो. मोजलेला V∞ वापरल्यामुळे ती त्रुटी सूत्रातच सामावली जाते. सैद्धांतिक V∞ गृहीत धरला असता तर रेषा हळूहळू वाकली असती.

| तापमान (°C) | T (K) | १०³/T (K⁻¹) | k × १०³ (मिनिट⁻¹), दोन फेऱ्या | सरासरी k × १०³ | ln k |
|---|---|---|---|---|---|
| २५ | २९८.१५ | ३.३५४ | ३.०९, ३.१५ | ३.१२ | −५.७७० |
| ३० | ३०३.१५ | ३.२९९ | ४.९९, ४.९१ | ४.९५ | −५.३०८ |
| ३५ | ३०८.१५ | ३.२४५ | ७.६२, ७.५७ | ७.६० | −४.८८० |
| ४० | ३१३.१५ | ३.१९३ | ११.८, ११.६ | ११.७ | −४.४४८ |
| ४५ | ३१८.१५ | ३.१४३ | १६.४, १६.८ | १६.६ | −४.०९८ |

आलेख आणि आकडेमोड

आधी k विरुद्ध T असा साधा आलेख काढला. तो वर वळत जाणारा वक्र आहे. त्यावरून Ea नीट वाचता येत नाही, पण एखादा बिंदू वक्रापासून भलताच दूर असेल तर तो तिथेच डोळ्यात भरतो. तसा कोणताही आढळला नाही. २५ ते ३५ °C मध्ये k २.४४ पट होतो, ३० ते ४० मध्ये २.३६ पट, ३५ ते ४५ मध्ये २.१८ पट. तापमान वाढते तसे हे गुणोत्तर घटायलाच हवे, पण शेवटची घट अपेक्षेपेक्षा थोडी जास्त आहे.

मग ln k विरुद्ध 1/T या आलेखावर न्यूनतम वर्ग पद्धतीने रेषा बसवली. दोन फेऱ्यांतला फरक सगळ्या तापमानांना साधारण १ ते २.५ टक्के आहे, म्हणजे k मधली सापेक्ष त्रुटी जवळजवळ सारखी आहे. अशा वेळी ln k मधली त्रुटीही सर्वत्र सारखी राहते, म्हणून सर्व बिंदूंना समान भार दिला. आकडेमोड पूर्ण दशांश ठेवून केली, पूर्णांकन शेवटी.

```
slope     = −7979 K      (s.e. 138 K)
intercept = 21.01        (s.e. 0.45)
R²        = 0.9991
```

Ea = ७९७९ × ८.३१४ = ६६.३ × १०³ जूल प्रति मोल. उताराच्या प्रमाणित त्रुटीवरून Ea ची प्रमाणित त्रुटी १.१ किलोजूल येते. पाच बिंदूंतून दोन प्राचल काढल्यावर मुक्ततेचे अंश ३ उरतात; ९५ टक्के विश्वासासाठी t = ३.१८ ने गुणल्यावर ३.६.

निकाल: Ea = (६६ ± ४) किलोजूल प्रति मोल (९५ टक्के विश्वास मर्यादा), २५ ते ४५ °C, ०.४८ N आम्लात.

आम्लाची संहती ०.४८ लिहिली आहे, कारण ५ मिली एस्टर मिसळल्यावर ०.५ N आम्ल ०.४७६ N होते.

चर्चा

R² ०.९९९१ आहे, आणि तरीही Ea मध्ये ± ४ ची अनिश्चितता उरते. म्हणून या अहवालात R² हा अचूकतेचा पुरावा म्हणून मांडलेला नाही. २० अंशांच्या पल्ल्यात k पाचपटीहून अधिक वाढतो. एवढ्या मोठ्या बदलापुढे बिंदूंचा विखुरलेपणा क्षुल्लक वाटतो आणि R² सहज १ च्या जवळ जातो. शेजारशेजारच्या दोन-दोन बिंदूंवरून Ea काढली की खरे चित्र दिसते: २५–३० साठी ६९.४, ३०–३५ साठी ६६.६, ३५–४० साठी ६९.२ आणि ४०–४५ साठी ५७.९ किलोजूल प्रति मोल. दोनच तापमानांवर प्रयोग उरकला असता तर यांपैकी कोणताही आकडा आत्मविश्वासाने छापला गेला असता.

४०–४५ ची किंमत इतकी खाली का? ४५ °C चा बिंदू रेषेच्या २.५ टक्के खाली आहे आणि ४० °C चा तेवढाच वर. दोन बाबी तपासल्या. पहिली, बाष्पीभवन. मिथाइल ॲसिटेट ५७ °C ला उकळते, तेव्हा ४५ °C ला एस्टर निसटणे शक्य आहे, आणि त्या फेऱ्यांचा V∞ २०.८० म्हणजे किंचित कमी आलाही आहे. पण एस्टर जलअपघटनाबरोबरच बाष्पीभवनानेही कमी होत असेल, तर मोजलेला k दोन्ही वेगांची बेरीज असेल आणि तो *वाढलेला* दिसेल. आमचा बिंदू खाली आहे, म्हणून बाष्पीभवन हे त्याचे कारण असू शकत नाही.

दुसरी बाब तापमान. ३१८ K ला k दर केल्विनमागे ७.९ टक्के वाढतो (Ea/RT²). २.५ टक्के घट म्हणजे फ्लास्कमधला द्रव ०.३ अंशाने थंड असणे. खोली २८ °C च्या आसपास असताना, फ्लास्कची मान पाण्याबाहेर आणि नमुना काढताना बूच वारंवार उघडे, यात ०.३ अंश सहज जातात. थर्मामीटर फ्लास्कच्या बाहेरच्या पाण्यात होता. त्याने ही घट दाखवणे शक्य नव्हते. आमच्या मते हेच सर्वांत संभाव्य कारण आहे, पण फ्लास्कच्या आत तापमान न मोजता ते सिद्ध झाले असे लिहिता येणार नाही.

इथे तापमानाच्या त्रुटीचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. पाचही तापमाने सारखीच ०.५ अंशाने चुकली असती तर Ea केवळ ०.२ किलोजूलने हलली असती. फक्त ४५ °C च्या टोकाला ०.३ अंशाची चूक असेल तर Ea सुमारे ०.८ किलोजूलने बदलते. रेषेच्या टोकाचा बिंदू उतारावर सर्वांत जास्त वजन टाकतो.

४५ °C चा बिंदू आम्ही वगळलेला नाही. तो काढल्यास Ea ६८.२ येते, जी ६६ ± ४ मध्येच बसते. त्याच्या दोन्ही फेऱ्यांत कोणताही नोंदवलेला दोष नाही, आणि केवळ रेषा सुंदर दिसावी म्हणून बिंदू वगळणे आम्हाला मान्य नाही. वगळल्यावर येणारी किंमत वर दिली आहे. वाचकाला स्वतः तोलता येईल.

A बद्दल जास्त सावध राहायला हवे. आंतरछेद 1/T = ० ला वाचायचा असतो, म्हणजे आमच्या बिंदूंपासून फार दूर. ln A = २१.०, ९५ टक्के मर्यादा ± १.४. घातांक घेतल्यावर A = १.३ × १०⁹ मिनिट⁻¹, पण ०.३ × १०⁹ ते ५.५ × १०⁹ यांपैकी काहीही असू शकतो. त्यामुळे A चा दुसरा सार्थ अंकही केवळ आकडेमोडीतला आहे.

तरी A वरून एक उपयुक्त गोष्ट निघते. सेकंदात आणून ०.४७६ ने भागल्यावर द्वितीय कोटीचा A सुमारे ४.६ × १०⁷ लि. मोल⁻¹ से.⁻¹ येतो. आयरिंग समीकरणानुसार ३०८ K ला सक्रियण एन्ट्रॉपी −१०७ ± १२ जूल प्रति केल्विन प्रति मोल. चिन्ह ऋण आहे हे या अनिश्चिततेतही पक्के. प्रोटॉन जोडलेल्या एस्टरवर पाण्याचा रेणू येऊन बसतो आणि संक्रमण अवस्थेत मोकळीक कमी होते, या मान्य यंत्रणेशी ते सुसंगत आहे.

त्याच यंत्रणेमुळे ६६ हा आकडा एकाच पायरीचा ऊर्जा-अडथळा म्हणून वाचू नये. आधी एस्टरवर प्रोटॉन जोडला जाण्याचा जलद समतोल, मग पाण्याचा मंद हल्ला. मोजलेल्या k मध्ये समतोलाचा स्थिरांक गुणला गेलेला आहे. त्यामुळे ही दृश्य सक्रियण ऊर्जा आहे आणि तिच्यात प्रोटॉन जोडणीची एन्थाल्पीही मिसळलेली आहे. साध्या एस्टरांच्या आम्लीय जलअपघटनासाठी साधारण ६० ते ७० किलोजूल प्रति मोल किमती मिळतात, आमची त्यांच्यात बसते.

पुढच्या फेरीत थर्मामीटरचा बल्ब फ्लास्कच्या आतच असावा आणि फ्लास्क मानेपर्यंत पाण्यात बुडवावा. २० °C चा एक बिंदू वाढवल्यास 1/T चा पल्ला रुंदावेल. तिथे अभिक्रिया बरीच मंद आहे, अर्धायुकाल सहा तासांच्या जवळ जातो, म्हणून ती फेरी सकाळी लवकर लावावी लागेल.