रविवारचं फुटबॉल सत्र: बारा वर्षांखालील, गांधी मैदान, कोल्हापूर

वेळ सकाळी ७ ते ८:२५. मुलं १४ (त्यात तीन मुली). चार नंबरचे चेंडू ८, बिब्ज ७, कोन २४. तू पावणेसातला ये. आठनंतर पलीकडून क्रिकेटवाले सरकत येतात, म्हणून शेवटच्या सामन्याचं मैदान आधीच अलीकडच्या बाजूला आखून ठेवू.

आज एकच गोष्ट शिकवायची: चेंडू पायाशी यायच्या आधी मान वळवून बघायचं.

७:०० – ज्याला जसा चेंडू मिळेल तसा चौकोनात ड्रिबल. मी हात वर करून बोटं दाखवतो, पोरांनी आकडा ओरडायचा. मान वर केल्याशिवाय दिसणार नाही. मैदानाला फेऱ्या मारायला लावू नकोस, आणि रांग तर अजिबात नको. रांगेत उभं राहिलं पोर की त्याच्या वाट्याला मिनिटाला एकदासुद्धा चेंडू येत नाही.

७:१० – दोन छोटी मैदानं. एकावर चारास चार (३० बाय २० पावलं), दुसऱ्यावर तिनास तीन (२५ बाय १५). गोलकीपर नाही, गोल दोन कोनांचा, दोन पावलं रुंद. चेंडू बाहेर गेला की थ्रो-इन नाही, पायानेच आत आणायचा. पाच मिनिटांचे पाच डाव, दर डावाला जोड्या बदल. खेळ चालू असताना तू गप्प राहा. "पास दे, पास दे" ओरडलास की ते तुझं ऐकून खेळतात, बघून खेळत नाहीत. डाव संपला की एकच प्रश्न: "चेंडू यायच्या आधी मागं कोण होतं?"

७:४० – पाणी.

७:४५ – पाचास पाच, गोलकीपरसह. दोन संघ, प्रत्येकी सात. चार मिनिटांच्या सात फेऱ्या. प्रत्येक संघात १ ते ७ नंबर दे. बाहेर बसणाऱ्या जोड्या अशा: १-२, ३-४, ५-६, ७-१, २-३, ४-५, ६-७. पुढच्या फेरीत जी जोडी बाहेर जाणार, तिच्यातला पहिला या फेरीत गोलकीपर. सातव्या फेरीत १ नंबर. म्हणजे प्रत्येकाला वीस मिनिटं खेळ, त्यातली चार गोलमध्ये. कागद खिशात ठेव. गेल्या महिन्यात मी अंदाजाने बदल करत गेलो आणि एक पोरगी पूर्ण अर्धा वेळ बिब चघळत बसली होती. घरी गेल्यावर लक्षात आलं.

गोल २-२ असला, शेवटची फेरी असली, तरी क्रम मोडायचा नाही. कडेचे पालक म्हणतील, "आमच्याला ठेवा की आत, जिंकायचंय." पेठांच्या फुटबॉलचं वेड घरातच असतं, त्यांचा राग धरू नकोस. सात वाजताच त्यांना क्रम दाखवून टाक.

बारा आली तर सहा फेऱ्या, प्रत्येक जण एकदाच बाहेर. तेरा आली तर सातवा तू. गोल मारायचा नाहीस, आणि तुझ्या नंबरला तूही बाहेर बसायचंस.

८:२० – कोन पोरांनीच गोळा करायचे. चेंडू मोजून घे; मागच्या वेळी एक रिक्षा स्टॉपवर सापडला.