गट प्रकल्प : सहकाऱ्यांच्या कामाचे मूल्यमापन (गोपनीय)

बी.एस्सी. तृतीय वर्ष, रसायनशास्त्र
गट ४ (५ विद्यार्थी)
प्रकल्प : गावातील १२ विहिरी व बोअरच्या पाण्याचा हार्डनेस
फॉर्म भरणारी : प्रणाली, हजेरी क्र. १७
दिनांक : १४ मार्च

भरण्यापूर्वी वाचा

फॉर्म प्रयोगशाळेत, वेगवेगळ्या टेबलांवर बसून २० मिनिटांत भरायचा आहे. तो माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. "चांगला मुलगा आहे, मदत करतो" हे मला ठाऊक आहे. त्याने काय केलं ते लिहा. जिथे प्रसंग नाही, ते उत्तर मी धरणार नाही.

प्रत्येकाकडे १०० गुण आहेत. ते स्वतःला सोडून उरलेल्या चौघांत वाटा. चौघांनी तुम्हाला दिलेल्या गुणांची बेरीज भागिले १०० म्हणजे तुमचा गुणक. अहवालाला गटाला ५० पैकी ४० मिळाले आणि तुमची बेरीज ९० झाली, तर तुमचे गुण ३६. गुणक १.१ च्या वर किंवा ०.८ च्या खाली जाणार नाही. कुणाच्या रुसव्याने कुणाचा निकाल बिघडायला नको. सगळ्यांना २५-२५ देता येतील, पण मग प्रश्न २ आणि ३ नीट लिहा. दरवर्षी निम्मे फॉर्म २५-२५ चेच येतात आणि मला त्यातून काहीच कळत नाही.

१. गुणवाटप

तेजस ३०, रेश्मा २८, अक्षय २४, सानिका १८.

२. प्रत्येकाचं एक असं काम सांगा, जे त्याच्याशिवाय झालं नसतं.

तेजस : ईडीटीएचं द्रावण दर वेळी त्यानेच प्रमाणित केलं. प्रत्येक नमुन्याची तीन-तीन टायट्रेशन करायची, हा आग्रह त्याचाच. आम्ही दोनवर भागवणार होतो.

रेश्मा : वहीतली सगळी आकडेमोड आणि तक्ते. आयएस १०५०० मधल्या २०० आणि ६०० मिग्रॅ प्रतिलिटर या दोन मर्यादांशी बाराही नमुने तिने ताडून पाहिले.

अक्षय : टायट्रेशनच्या वेळी तो फक्त दोनदा आला. पण बाराही बाटल्या त्याच्या गाडीवरून आल्या. मळ्यातल्या दोन विहिरींचे मालक पाणी तपासू देत नव्हते, "उद्या आमचं पाणी खराब म्हणून गावभर कराल" म्हणत होते. अक्षय त्यांच्या ओट्यावर तासभर बसला, चहा प्यायला आणि बाटल्या भरून घेऊन आला. अहवालात याची एकही ओळ नाही.

सानिका : अहवाल टाइप केला आणि सादरीकरण केलं. बोलली छान.

३. कुणाचं काम दुसऱ्या कुणाला करावं लागलं का? केव्हा?

हो. चर्चेचा भाग सानिकाकडे होता. जमा करायच्या आदल्या रात्री तिने पाठवला, तर त्यात मागच्या वर्षीच्या गटाचे आकडे तसेच होते, आमच्या गावात नसलेल्या नदीसकट. रेश्मा आणि मी रात्री दीडपर्यंत बसून तो नव्याने लिहिला. ग्रुपवर कुणी काहीच बोललं नाही. मीही अंगठा पाठवून मोकळी झाले.

४. मतभेद झाला तेव्हा गटाने काय केलं?

नमुना ७ वरून तेजसशी माझा वाद झाला. पुढच्या उत्तरात लिहिते.

५. स्वतःबद्दल : तुमची एक चूक आणि ती कशी निस्तरली. (या प्रश्नाला गुण नाहीत. तरीही हाच मी आधी वाचतो.)

नमुना ७ ची पहिली दोन वाचनं १५.६ मिली आली होती. तिसऱ्या वेळी द्राक्षी लाल रंग जाऊन निळा व्हायला लागला, तेव्हा माझा हात सैल पडला आणि वाचन १६.४ गेलं. साडेपाच वाजले होते, बस होती. मी वहीत १५.६ लिहिलं. तेजसने फ्लास्ककडे पाहिलं, मग ब्युरेटकडे, आणि म्हणाला, "हे १५.६ नाहीये." मला राग आला, चारचौघांत म्हणाला म्हणून. पुन्हा केलं, १५.७ आलं. ५० मिली नमुन्याला १५.६ म्हणजे ३१२ आणि १६.४ म्हणजे ३२८ मिग्रॅ. निष्कर्ष बदलला नसता, हे तेव्हाही सांगितलं. पण खोटा आकडा मीच लिहिला होता. बस चुकली. तेजसला अजून सॉरी म्हटलेलं नाही.

६. पुन्हा गट पाडायचा असेल तर याच चौघांसोबत काम कराल का?

तिघांसोबत हो. सानिकासोबतही करेन, पण तिला टायपिंगऐवजी ब्युरेट द्यावी. पहिल्या आठवड्यात तिने एक टायट्रेशन केलं होतं, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. नंतर कुणी तिला उभंच केलं नाही, कारण "तुझं इंग्लिश चांगलं, तू अहवाल बघ" असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

७. मला आणखी काही सांगायचं आहे का?

सर, अक्षयच्या पेट्रोलचे पैसे आम्ही अजून दिलेले नाहीत.