गरोदरपणात ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका

उपजिल्हा रुग्णालय, गरोदर मातांचा वर्ग (दर बुधवारी सकाळी ११, ओपीडी खोली क्रमांक ६)

ताई, हा कागद घरी नेऊन भिंतीवर लावा. नवऱ्याला आणि सासूबाईंना किंवा आईला एकदा वाचून दाखवा. त्रास सुरू होतो तेव्हा बऱ्याचदा निर्णय तुम्ही एकट्या घेत नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं.

खाली लिहिलेल्यांपैकी एक जरी लक्षण दिसलं तरी थेट लेबर वॉर्डात या. तो पहिल्या मजल्यावर आहे आणि चोवीस तास उघडा असतो. केसपेपरच्या रांगेत थांबू नका, कागद मागाहून होतात. तुमचं नाव खाजगी दवाखान्यात नोंदवलेलं असलं तरी या. तपासून सगळं ठीक निघालं तर घरी सोडू, आणि त्यासाठी तुम्हाला कुणी बोलणार नाही.

अंगावरून रक्त जाणं

कितव्याही महिन्यात रक्त गेलं तर दाखवायचंच. पहिल्या तीन महिन्यांत ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, तर गर्भ पिशवीबाहेर, नळीत राहिलेला असू शकतो. अशा वेळी रक्त बाहेर थोडंच दिसतं आणि आत मात्र साठत जातं.

पुढच्या महिन्यांत, दुखत काहीच नाही पण लालभडक रक्त जातंय, असं झालं तर वार खाली असण्याची शक्यता असते. घरी कुणालाही आतून तपासू देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. उलट पोट फळीसारखं कडक झालं आणि दुखणं थांबतच नसेल, तर रक्त थोडं असलं किंवा अजिबात दिसलं नाही तरी निघा. वार सुटायला लागली असेल तर बाळाच्या आणि तुमच्या हातात फार वेळ नसतो. वापरलेला पॅड किंवा कापड पिशवीत घालून आणा, किती रक्त गेलं ते आम्हाला त्यावरून कळतं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर आल्याबरोबर सांगा. त्यासाठीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत घ्यायचं असतं.

डोकेदुखी, अंधारी, सूज

वर्गात यावर सगळ्यात जास्त वेळ बोललो, कारण हे त्रास सर्रास अंगावर काढले जातात. 'उन्हातून आली म्हणून डोकं दुखतंय', 'पित्त झालंय', 'या दिवसांत सूज यायचीच', असं घरोघरी म्हणतात. पायाला संध्याकाळी थोडी सूज येते आणि सकाळी उतरते, ते खरंच चालतं. पण पाचवा महिना उलटल्यावर यातलं काहीही झालं तर बीपी वाढलेलं असू शकतं:

- गोळी घेऊनही न थांबणारी डोकेदुखी
- डोळ्यांपुढे काजवे चमकणं, अंधुक किंवा दोन-दोन दिसणं
- बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, सोबत उलटी
- तोंडावर आणि हातांवर अचानक सूज येणं. कालपर्यंत सैल असलेली अंगठी आज निघत नाही

बीपी १४० / ९० किंवा त्याहून जास्त आलं तर त्याच दिवशी या. १६० / ११० पर्यंत गेलं असेल तर गाडी मिळेल तशी निघा, आणि बीपी मोजायला मशीन मिळालं नाही म्हणून अडून राहू नका. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर झटके येऊ शकतात.

झटका आलाच तर तिला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात, बाहेरचं झालंय म्हणून अंगारा लावण्यात वेळ जातो. हा वाढलेल्या बीपीचा आजार आहे. झटके थांबवणारं इंजेक्शन आमच्याकडे आहे, ते तिला लवकर मिळालं पाहिजे.

बाळाची हालचाल कमी होणं

सातवा महिना लागेपर्यंत बाळाची सवय तुमच्या लक्षात येते: एक बाळ जेवणानंतर हलतं, दुसरं तुम्ही आडवं झाल्यावर. ही सवय तुमच्याइतकी कुणालाच माहीत नसते, सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. म्हणून 'आज काहीतरी वेगळं वाटतंय' असं तुम्हाला वाटलं, तर तेवढं कारण पुरे आहे.

शंका आली तर काहीतरी खा, पाणी प्या आणि डाव्या कुशीवर शांत पडून फक्त हालचालीकडे लक्ष द्या. लाथ, वळणं, सरकणं सगळं मोजा. दोन तासांत १० पेक्षा कमी भरलं तर निघा. हालचाल अजिबातच जाणवत नसेल तर मोजत बसू नका, लगेच या.

'दिवस भरत आले की बाळ शांत होतं' हे खरं नाही. शेवटच्या आठवड्यांत जागा कमी पडते, त्यामुळे लाथेपेक्षा सरकणं जास्त जाणवेल, पण बाळ हलायचं कमी होत नाही. अगदी कळा सुरू झाल्यावरही ते हलतं.

पाणी जाणं आणि अवेळी कळा

पाणमोट फुटली तर कळा सुरू होण्याची वाट पाहू नका. स्वच्छ पॅड लावा आणि रंग बघा. हिरवट, पिवळट, लालसर किंवा वास येणारं पाणी असेल तर जास्त घाई करा. पाणी थेंब-थेंब जात असेल आणि लघवी की पाणी हे कळत नसेल, तर ते ठरवणं आमचं काम. नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर गुडघे आणि कोपरांवर ओणवं व्हा, कंबर वर ठेवा, नाळेला हात लावू नका आणि १०८ बोलवा.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी ठरावीक वेळाने पोट आवळून येत असेल किंवा कंबर भरून येत असेल, तरी त्याच दिवशी या.

याही गोष्टींसाठी या

१००.४ च्या वर ताप, विशेषतः थंडी वाजून. लघवीला जळजळ आणि कमरेत दुखणं. चोवीस तास पोटात पाणीही न ठरणं. बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं; रक्त कमी आहे असं कार्डावर लिहिलेलं असेल तर अधिकच. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. पुरळ नसताना तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटणं, डोळे पिवळे होणं. पोटावर पडणं, गाडीवरून घसरणं किंवा कुणी मारलेलं असणं. हे शेवटचं आम्हाला एकटीने सांगायचं असेल तर तसं म्हणा, सोबतच्यांना बाहेर बसवू. जीव नकोसा वाटत असेल तर तेही सांगा. १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

निघताना

१०८ ची गाडी चोवीस तास मोफत आहे. गरोदर मातेसाठी १०२ ही आहे. फोनवर आधी गावाचं नाव आणि ओळखीची खूण सांगा, मग 'गरोदर आहे, कितवा महिना, काय होतंय' एवढं सांगा. वाडीपर्यंत गाडी येत नसेल तर डांबरी रस्त्यावर कुठे थांबायचं आणि तिथवर कुणाच्या गाडीने जायचं, हे आजच ठरवून आशाताईंना सांगून ठेवा. माता व बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट एका पिशवीत दाराजवळ टांगा. आधार कार्ड सापडत नसेल तर ते शोधत थांबू नका. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त यांचा खर्च तुमच्याकडून घेतला जात नाही, त्यामुळे पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा कागद भिंतीवर राहू द्या. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, घाण वास, ताप, जोराची डोकेदुखी किंवा झटके, यातलं काहीही झालं तर बाळाला घेऊन परत या. लेबर वॉर्डाचा फोन नंबर तुमच्या कार्डाच्या मागच्या पानावर शिक्क्याखाली लिहिलेला आहे. तो घरातल्या दोन मोबाईलमध्ये सेव्ह करा.