विषय: ओळख आणि पावसाळ्याआधीची कामं – सुजाता चौगुले, क्वालिटी

प्रति: क्वालिटी टीम (इन्स्पेक्शन, सँड लॅब, स्पेक्ट्रो लॅब – तिन्ही पाळ्या)
प्रत: व्यवस्थापकीय संचालक, विभागप्रमुख – मेल्टिंग, मोल्डिंग, कोअर शॉप, फेटलिंग, मेथडिंग, मेंटेनन्स, परचेस, डिस्पॅच, मार्केटिंग, जॉबवर्क मशीन शॉप (शिरोली व कागल), पॅटर्न शॉप (उद्यमनगर)
दिनांक: शुक्रवार, 5 जून

नमस्कार,

या सोमवारपासून मी क्वालिटी विभागप्रमुख म्हणून रुजू झाले आहे. पहिल्या पाळीतल्या बऱ्याच जणांशी शॉपवर उभ्या उभ्या बोलणं झालं. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीतले आणि बाहेरच्या शॉपमधले सहकारी भेटायचे आहेत, म्हणून ही मेल.

माझं शिक्षण मेटलर्जीतलं. आजवरचं काम ग्रीन सँडवर चालणाऱ्या ग्रे आणि एसजी आयर्न फाउंड्रीत, मुख्यतः प्रोसेस कंट्रोल आणि ग्राहकांच्या तक्रारी निस्तरण्याचं. इथे सँड लॅब, स्पेक्ट्रो, लाइन इन्स्पेक्शन, फायनल इन्स्पेक्शन आणि कॅलिब्रेशन माझ्याकडे आहे. मेथडिंग माझ्याकडे नाही. रनर-रायझरमध्ये बदल हवा असेल तर तो मेथडिंगकडूनच होईल, मी फक्त कापलेला तुकडा आणि आकडे देईन.

आता कामाचं. रिजेक्शन मोल्डिंगचं की मेल्टिंगचं, हा वाद इथेही आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या कास्टिंगवर हीट नंबर नाही, कॅव्हिटी नंबर नाही आणि ओतल्याची वेळ कुठेच नोंदलेली नाही, त्या कास्टिंगवरून कोणाचीच चूक ठरवता येत नाही. त्यामुळे पहिल्या महिन्यात मी कोणतीही स्वीकृती-मर्यादा बदलणार नाही. माग लागेल अशी नोंद तेवढी बसवायची आहे.

नॉकआउटनंतर खडूने किंवा रंगाने टाकलेला हीट नंबर शॉट ब्लास्टिंगमध्ये उडून जातो. दोन हीटचा माल एकाच हँगरवर चढला की त्यानंतर तो वेगळा करता येत नाही. सोमवार, 8 जूनपासून असं करू: नॉकआउटवर प्रत्येक हीटचा वेगळा बिन, बिनला पंच केलेला पत्र्याचा बिल्ला, आणि ब्लास्टिंगला एका वेळी एकच हीट. बिल्ला बिनबरोबर ब्लास्टिंगपर्यंत जाईल आणि माल बाहेर आला की लगेच नंबर हार्ड पंचने कास्टिंगवर येईल, ड्रॉइंगमध्ये ठरवून दिलेल्या जागीच. बिल्ले मेंटेनन्सकडून शनिवारी मिळणार आहेत. एका हीटच्या मालाने हँगर भरत नसेल तर थोडा रिकामा चालवावा लागेल, त्याची कल्पना प्रॉडक्शनला दिली आहे. पॅटर्न शॉपला विनंती: ज्या प्लेटवर कॅव्हिटी नंबर झिजलेत किंवा मुळातच नाहीत, त्यांची यादी आमच्याकडून बुधवारपर्यंत येईल. प्लेट दुरुस्तीला आली की नंबर आणि पाळीचा फिरता डेट इन्सर्ट एकदमच बसवा.

स्पेक्ट्रो आणि मेल्टिंगसाठी. एसजीच्या प्रत्येक ट्रीटमेंटची वेळ लॅडलजवळच्या फळ्यावर लिहायची आणि शेवटचा साचा ओतल्याची वेळ त्याच ओळीत. कंट्रोल प्लॅनमध्ये यासाठी 10 मिनिटांची मर्यादा आहे. ती कागदावर पाळली जाते, पण घड्याळ कोण बघतं हे ठरलेलं नाही. आपण कॉइन लॅडलच्या सुरुवातीला घेतो. तेव्हा मॅग्नेशियम 0.035 ते 0.050 टक्क्यांत बसतं आणि रिपोर्ट चांगला येतो. लाइन अडकली, लॅडल थांबलं की मॅग्नेशियम उडत जातं आणि इनॉक्युलेशनचा परिणामही ओसरतो, मग शेवटच्या दोन-तीन साच्यांत ग्रॅफाइट गोल राहत नाही. म्हणून मायक्रोचा नमुना यापुढे प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या साच्यातूनच. 10 मिनिटं उलटली तर उरलेला धातू पिग करायचा. हा निर्णय पोअरिंगवरच्या सुपरवायझरने जागेवर घ्यायचा, मला फोन लावत बसायचं नाही. पिग केलेल्या धातूबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, हे संचालकांशी बोलून ठरलं आहे.

कॉइनबद्दल एक छोटी गोष्ट: तो पूर्ण पांढरा गोठलेला हवा. तांब्याचा साचा गरम असताना लगेच दुसरा नमुना ओतला की आत करडेपणा राहतो आणि कार्बनचं रीडिंग चुकतं. असा कॉइन फेकून पुन्हा घ्या. घासताना जळलेला, भेग किंवा छिद्र असलेलाही चालणार नाही.

सँड लॅबचं काम आता खरं वाढणार आहे. कोल्हापूरच्या पावसात नवी वाळू ओली येते, कोअर दमट होतात, भंगार गंजतं आणि पिनहोलचा सीझन सुरू होतो. नमुना आपण मलरच्या तोंडाशी घेतो, पण साचा बनतो मशीनच्या हॉपरमधल्या वाळूचा. बेल्टवरून जाताना, विशेषतः रिटर्न सँड 45 अंशांच्या वर असेल तर, पाणी उडतं. मलरला कॉम्पॅक्टेबिलिटी 42 दिसते, हॉपरला ती 36 असू शकते, आणि मग साच्याच्या कडा ढासळून कोपमधून वाळू पडते. म्हणून पाळीत किमान दोनदा दोन्ही ठिकाणचे नमुने एकाच वेळी घ्या, सोबत वाळूचं तापमान लिहा. ऑपरेटरने पाणी ओलाव्याच्या आकड्यावर नाही, कॉम्पॅक्टेबिलिटीवर सोडायचं. आपली पट्टी 38 ते 42 आहे. बारीक धूळ आणि मेलेली माती वाढली तर तीच कॉम्पॅक्टेबिलिटी गाठायला जास्त पाणी लागतं. म्हणजे कॉम्पॅक्टेबिलिटी पट्टीत आणि ओलावा 3.8 च्या वर, असं दिसलं तर पाणी कमी करू नका, मला आणि मोल्डिंगला कळवा. तेव्हा डस्ट कलेक्टर आणि नव्या वाळूची भर तपासावी लागेल.

कोअर शॉपला: रॅकवर तयार झाल्याची तारीख आणि पाळी लिहा, जुना कोअर आधी वापरा. वॉटर बेस कोटिंग लावलेला कोअर वाळवल्याशिवाय साच्यात जाऊ नये, भट्टीचं तापमान पाळीच्या रजिस्टरमध्ये येऊ दे. परचेसला: भंगार शेडखालीच उतरवा. ओलं, गंजकं भंगार वितळलेल्या धातूत पडलं तर भट्टी उडते. त्यामुळे ओला चार्ज दिसला की काम थांबवण्याचा अधिकार चार्जिंगवरच्या प्रत्येकाला आहे. गंजासोबत येणारा हायड्रोजन ही त्यापुढची गोष्ट.

दोषांची नावं. रिजेक्शन रजिस्टरमध्ये जवळपास प्रत्येक छिद्र ‘ब्लो होल’ म्हणून लिहिलं जातं, आणि त्यामुळे रजिस्टर असूनही उपयोग होत नाही. भिंत गुळगुळीत, चकचकीत आणि छिद्र बहुधा कोपच्या बाजूला असेल तर गॅस. आत खडबडीत, झाडाच्या फांद्यांसारखे कण दिसले आणि जागा जाड भागाची असेल तर श्रिंकेज. वेडावाकडा खड्डा आणि त्यात वाळू अडकलेली असेल तर सँड इन्क्लुजन. ओळखता आलं नाही तर ‘ठरवायचं आहे’ असंच लिहा, त्यात काही कमीपणा नाही. तुकडा लाल पेटीत ठेवा, तो कापून बघू. त्यासाठी रोज सकाळी 9:15 ला रिजेक्शन टेबलवर 10 मिनिटं उभ्याने भेटायचं: मेल्टिंग, मोल्डिंग, मेथडिंग आणि क्वालिटी. खुर्च्या नाहीत, प्रेझेंटेशन नाही. कापलेले तुकडे टेबलवर असतील.

मशीन शॉपच्या मंडळींना विशेष विनंती. तुमच्याकडे निघणारं रिजेक्शन आम्हाला महिनाअखेरच्या डेबिट नोटमधून कळतं, तोवर तीच चूक करून आम्ही कितीतरी साचे ओतलेले असतात. पहिला दोषी जॉब निघाला त्याच दिवशी फोटो पाठवा. फोटोत हीट नंबर, कॅव्हिटी नंबर आणि कोणत्या ऑपरेशनला दिसलं ते असावं. जॉब स्क्रॅपमध्ये टाकू नका, आमची गाडी परत येताना घेऊन येईल. कठीण जागा लागून टूल तुटत असेल तर तोही दोषच समजा आणि कळवा, कडेला चिल आलेलं असू शकतं.

डिस्पॅच आणि मार्केटिंगसोबत पुराचं नियोजन करायचं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 दोन्ही वर्षी महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. आपण नदीच्या दक्षिणेला, पुण्याकडची गाडी आणि शिरोलीचं मशीन शॉप पलीकडे. माल आधीच पुण्याकडच्या गोदामात न्यायचा तर तो किती, हे मार्केटिंगने ठरवावं. माझ्या बाजूने दोन अटी: फायनल इन्स्पेक्शन रिपोर्टशिवाय एकही पेटी जाणार नाही, आणि ब्लास्टिंगनंतर त्याच पाळीत गंजरोधक तेल लागलेलं असेल. या हवेत उघडं ब्लास्ट केलेलं कास्टिंग रात्रभरात तांबडं पडतं. किती पेट्या लागतील तो आकडा मला 15 जूनपर्यंत द्या, म्हणजे इन्स्पेक्शनची माणसं तशी लावता येतील.

ग्राहकांना माझी ओळख मार्केटिंगमार्फत वेगळी जाईल. त्यांच्या प्रलंबित तक्रारी आणि 8डी रिपोर्ट माझ्याकडे आले आहेत, ते आधीच्याच फॉर्मॅटमध्ये पूर्ण होतील.

पुढच्या आठवड्यात मी सोमवारी आणि मंगळवारी पहिल्या पाळीत, बुधवारी दुसऱ्या आणि गुरुवारी तिसऱ्या पाळीत असेन. शुक्रवारी सकाळी कागल, दुपारी शिरोली. शनिवारी उद्यमनगरात पॅटर्न शॉपला, वेळ तुम्ही सांगा. तिसऱ्या पाळीतल्यांनी काही सांगायचं असेल तर गुरुवारच्या पाळीत पहाटे 3 च्या चहाला सँड लॅबमध्ये या. तिथे मेलमध्ये बोलता येत नाही अशा गोष्टीही बोलू.

क्वालिटी टीमने मला सोमवारपर्यंत एवढंच द्यावं: कॅलिब्रेशन संपलेल्या किंवा या महिन्यात संपणाऱ्या गेजची यादी, आणि प्रत्येकाने रोजच्या कामातला असा एक फॉर्म जो भरावा लागतो पण कोणी वाचत नाही. त्यातले जे खरंच कोणाला लागत नाहीत ते ऑडिटची गरज तपासून बंद करू. बिल्ल्यांचं नवं काम वाढलंय, त्याला वेळ कुठून तरी काढायलाच हवा.

लाइन थांबवण्यासारखं काही असेल तर मेल नको, इंटरकॉम 214.

सुजाता चौगुले
विभागप्रमुख, क्वालिटी
गोकुळ शिरगाव एमआयडीसी, कोल्हापूर

ता.क. ही मेल छापून सँड लॅब, पोअरिंग आणि नॉकआउटच्या फळ्यावर लावायला सांगितली आहे. ज्यांच्याकडे कंपनीचा मेल आयडी नाही त्यांना पाळीच्या सुपरवायझरने सोमवारी वाचून दाखवावी, निदान बिल्ल्यांचा आणि 10 मिनिटांचा भाग तरी.